पदवी प्रमाणपत्रावर आडनाव चुकलंय: विद्यापीठाला दुरुस्तीचं पत्र कसं लिहावं

प्रश्न: नमस्कार. माझ्या पदवी प्रमाणपत्रावर आडनाव Karhade ऐवजी Karahde असं छापलंय. पहिल्या पाच सत्रांच्या गुणपत्रिकांवर बरोबर आहे, सहाव्या सत्राच्या गुणपत्रिकेवर मात्र हीच चूक आहे. मी ‘नाव बदलून मिळणेबाबत’ असा साधा अर्ज दिला होता, तो ‘नावबदलाची कागदपत्रं जोडा’ असा शेरा मारून परत आला. मी नाव बदललेलंच नाही, तर कागदपत्रं कुठून आणू? पत्र नेमकं कसं लिहू?

उत्तर:

परीक्षा विभागात पदव्यांच्या टेबलावर मी बरीच वर्षं काम केलंय, त्यामुळे तुमचा अर्ज परत का आला ते लगेच लक्षात आलं. विषयाच्या ओळीत तुम्ही ‘नाव बदलून’ लिहिलंत. कार्यालयात नावातला बदल आणि नावातली दुरुस्ती ही दोन वेगळी प्रकरणं असतात. त्यांचे नियम वेगळे आणि पुष्कळदा टेबलंही वेगळी. बदल म्हणजे तुमचं नाव आधी एक होतं, आता दुसरं आहे. त्याला तसा कायदेशीर पुरावा लागतो. दुरुस्ती म्हणजे नाव पहिल्यापासून तेच आहे, कागदावर चुकीचं उतरलं. तुमच्या अर्जावर शेरा मारणाऱ्याने तुमच्या गुणपत्रिका उघडून पाहिल्या नसतील. विषय वाचला, नावबदलाची यादी काढली, त्यातलं काही जोडलेलं नाही असं दिसलं आणि अर्ज परत केला. त्याच्या दृष्टीने त्याने नियमाप्रमाणेच केलं.

तेव्हा नव्या पत्रात ‘बदल’ हा शब्द विषयात येऊ देऊ नका, मजकुरातही फक्त ‘मी नाव बदललेले नाही’ एवढ्यापुरताच. पण तुमच्या प्रकरणात याहून महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. ती तुम्ही प्रश्नात सहज सांगून गेलात: सहाव्या सत्राच्या गुणपत्रिकेवरही तीच चूक आहे.

पदवी प्रमाणपत्र छापताना कुणी तुमची सगळी कागदपत्रं समोर घेऊन नाव टाइप करत नाही. अंतिम परीक्षेच्या निकालाच्या नोंदीतून नावं घेतली जातात आणि तशीच छापायला जातात. काही ठिकाणी पदवीसाठी वेगळा अर्ज भरून घेतात, पण तिथेही नाव बहुधा त्याच नोंदीतून आपोआप येतं. म्हणजे तुमच्या पदवीवर छपाईची चूक झालेली नाही. पदवी नोंदीप्रमाणे अगदी बरोबर छापली गेली आहे, नोंदच चुकली आहे. हे पत्रात स्पष्ट आलं नाही आणि तुम्ही नुसतं ‘छपाईची चूक दुरुस्त करावी’ असं लिहिलंत, तर काय होईल सांगतो. लिपिक निकालाची नोंदवही किंवा संगणकावरची नोंद उघडेल, तिथे Karahde दिसेल, पदवीवरही Karahde दिसेल, आणि तो लिहील: ‘कार्यालयीन अभिलेखाप्रमाणे प्रमाणपत्र बरोबर आहे.’ अर्ज पुन्हा निकाली. असे परत गेलेले अर्ज मी खूप पाहिलेत, आणि त्यातल्या बहुतेकांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. त्यांनी फक्त चूक एक पायरी अलीकडे दाखवली होती.

म्हणून पत्राला हात घालण्याआधी चूक नेमकी कुठे शिरली ते शोधा. सगळे कागद काळाच्या क्रमाने टेबलावर मांडा: शालान्त प्रमाणपत्र, प्रवेश अर्जाची प्रत किंवा प्रवेशाची पावती, विद्यापीठाच्या कायम नोंदणीचं पत्र, पहिल्या ते पाचव्या सत्राच्या गुणपत्रिका, सहाव्या सत्राचा परीक्षा अर्ज, त्याच परीक्षेचं प्रवेशपत्र, सहाव्या सत्राची गुणपत्रिका आणि शेवटी पदवी. आता प्रत्येकावरचं आडनाव अक्षर अक्षर बोट ठेवून वाचा. नुसतं नजर टाकून वाचू नका. आपलं नाव आपल्या इतकं सवयीचं असतं की Karahde समोर असूनही डोळे Karhade वाचतात. उलट्या बाजूने, शेवटच्या अक्षराकडून सुरुवात करून वाचलंत तर चूक चटकन सापडते.

तुमच्या बाबतीत पाचव्या सत्राची गुणपत्रिका बरोबर आणि सहाव्याची चूक, म्हणजे मधले दोनच कागद महत्त्वाचे: सहाव्या सत्राचा परीक्षा अर्ज आणि प्रवेशपत्र. परीक्षा अर्जाची छापील प्रत तुमच्याकडे नसेल तर महाविद्यालयाच्या कार्यालयात मागा. प्राचार्यांच्या सहीने विद्यापीठाकडे गेलेल्या अर्जांची प्रत किंवा यादी तिथे ठेवलेली असते. तिच्यावर Karhade असेल तर चूक विद्यापीठात नोंद घेताना झाली. तिच्यावरच Karahde असेल तर अर्ज भरताना झाली, मग तो तुम्ही स्वतः भरला असो किंवा महाविद्यालयाने. या दोन्हींत दुरुस्ती होते. फरक पडतो तो शुल्कात आणि पत्रातल्या एका वाक्यात. ते वाक्य पुढे देतो.

एक तिसरी शक्यता तपासून बाजूला ठेवा. शालान्त प्रमाणपत्रावरच आडनाव वेगळं असेल, तर विद्यापीठाकडे जाऊन उपयोग नाही. विद्यापीठाच्या दृष्टीने तेच मूळ. आधी ते ज्या मंडळाने दिलं तिथे दुरुस्त करून घ्यावं लागतं आणि मग ती दुरुस्ती जोडून विद्यापीठाकडे यावं लागतं. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमचं तसं नसावं, पण प्रमाणपत्र एकदा उघडून खात्री करून घ्या.

आता एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण तुमच्या आडनावामुळे मला विचारावीशी वाटते. पदवीवर नाव देवनागरीतही छापलेलं असेल तर तिथे काय आहे ते पाहिलंत का? ‘कऱ्हाडे’ असं आहे, की ‘कर्हाडे’, म्हणजे ह च्या डोक्यावर रफार देऊन? ‘ऱ्ह’ आणि ‘ऱ्य’ या जोडाक्षरांचा संगणकावर हमखास घोळ होतो. हा अर्धा र टंकायला वेगळी कळ लागते. टंकणाऱ्याला ती सापडली नाही की तो साधा र आणि ह जोडतो आणि रफार उमटतो. जुन्या फॉण्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणतानाही हेच होतं. ऱ्हस्व वेलांटी पुढच्या अक्षरावर सरकते, रफार एक अक्षर मागे-पुढे होतो. ज्यांच्या आडनावात गोऱ्हे, कुऱ्हाडे, तऱ्हाळे यांतलं जोडाक्षर आहे त्यांनी ही जागा आवर्जून पाहावी. तुमच्या शालान्त प्रमाणपत्रावर ‘कऱ्हाडे’ असेल आणि पदवीवर ‘कर्हाडे’, तर दोन्ही दुरुस्त्या एकाच पत्रात मागा. मात्र शालान्त प्रमाणपत्रावरच ‘कर्हाडे’ असेल तर देवनागरीचा विषय या पत्रात काढू नका. नाहीतर सरळ प्रकरण अडकून पडेल.

पत्र कोणासाठी लिहायचं हेही समजून घ्या. वर नाव परीक्षा नियंत्रकांचं असलं तरी ते आधी वाचणार पदवी कक्षातला लिपिक. त्याला निर्णय घ्यायचा अधिकार नसतो. तो तुमच्या पत्रावरून टिपणी तयार करतो आणि वर पाठवतो. टिपणी साधारण अशी असते: ‘अर्जदाराने आवक क्रमांक अमुक अन्वये आडनावातील चुकीबाबत अर्ज केला आहे. अभिलेख तपासला असता पहिल्या ते पाचव्या सत्रापर्यंत आडनाव अमुक असे असून सहाव्या सत्राच्या नोंदीत तमुक असे आहे. अर्जदाराने सोबत अमुक कागदपत्रे जोडली आहेत. सबब दुरुस्तीस मान्यता असावी. आदेशार्थ सादर.’ तुमचं पत्र असं हवं की ही टिपणी त्याला पत्रातूनच उतरवून काढता यावी. जिथे त्याला स्वतः शोधाशोध करावी लागते तिथे फाइल थांबते. नोंदणी क्रमांक दिला नसेल तर तो शोधेपर्यंत थांबते. कोणत्या परीक्षेपासून चूक आहे ते लिहिलं नसेल तर सहाही सत्रांच्या नोंदी काढेपर्यंत थांबते. तुमच्या मनस्तापाबद्दल पत्रात चार ओळी लिहाव्याशा वाटतील आणि ते साहजिकच आहे, पण त्या टिपणीत जात नाहीत. त्यांच्या जागी आसन क्रमांक लिहा.

तुमच्यासाठी पत्राचा मसुदा असा करावा:

---

दिनांक : ……

प्रति,
मा. परीक्षा नियंत्रक,
(पदवी प्रमाणपत्र कक्ष)
…… विद्यापीठ

मार्फत : मा. प्राचार्य, …… महाविद्यालय

विषय : सहाव्या सत्राच्या नोंदीत आडनावाच्या स्पेलिंगमध्ये झालेली चूक दुरुस्त करून त्यानुसार गुणपत्रिका व पदवी प्रमाणपत्र मिळणेबाबत.

संदर्भ : १) कायम नोंदणी क्रमांक ……
२) सहावे सत्र, आसन क्रमांक ……, परीक्षा (महिना व वर्ष)
३) पदवी प्रमाणपत्र क्रमांक ……, दिनांक ……

महोदय / महोदया,

मी वरील महाविद्यालयातून …… ही पदवी घेतली आहे. संदर्भ क्रमांक ३ चे पदवी प्रमाणपत्र मला मिळाले असून त्यावर आणि सहाव्या सत्राच्या गुणपत्रिकेवर माझे आडनाव पुढीलप्रमाणे चुकीचे आले आहे :

चुकीची नोंद : KARAHDE
योग्य नोंद : KARHADE

चौथ्या आणि पाचव्या स्थानावरील H व A या अक्षरांची अदलाबदल झाली आहे. माझे नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव व इतर सर्व तपशील बरोबर आहेत.

शालान्त प्रमाणपत्र, विद्यापीठाची कायम नोंदणी आणि पहिल्या ते पाचव्या सत्रांच्या गुणपत्रिकांवर आडनाव KARHADE असेच आहे. सहाव्या सत्राच्या परीक्षा अर्जावरही ते तसेच भरलेले आहे (प्रत सोबत). त्यामुळे ही चूक सहाव्या सत्राची नोंद घेताना झाली असून पदवी प्रमाणपत्रावर ती त्या नोंदीतून आली आहे, असे दिसते. मी नाव अथवा आडनाव बदललेले नाही.

तरी कृपया (अ) सहाव्या सत्राच्या मूळ नोंदीत आडनावाची दुरुस्ती करावी, (आ) त्यानुसार सहाव्या सत्राची दुरुस्त गुणपत्रिका व दुरुस्त मूळ पदवी प्रमाणपत्र द्यावे, आणि (इ) विद्यापीठाच्या ऑनलाइन पडताळणीतील नोंदही दुरुस्त करावी, ही विनंती.

चुकीची नोंद असलेली मूळ गुणपत्रिका व मूळ पदवी प्रमाणपत्र मी पोचपावती घेऊन जमा करण्यास तयार आहे.

आपली विश्वासू,

(सही)
(पूर्ण नाव, ठळक अक्षरांत)
पत्ता, दूरध्वनी, ई-मेल

सोबत (स्वयंसाक्षांकित प्रती) : १) शालान्त प्रमाणपत्र २) कायम नोंदणीचे पत्र ३) पहिल्या ते पाचव्या सत्रांच्या गुणपत्रिका ४) सहाव्या सत्राचा परीक्षा अर्ज ५) सहाव्या सत्राची गुणपत्रिका ६) पदवी प्रमाणपत्र ७) छायाचित्र असलेले ओळखपत्र

---

परीक्षा अर्जावरच चूक असेल तर चौथ्या परिच्छेदातलं ‘सहाव्या सत्राच्या परीक्षा अर्जावरही’ पासून ‘असे दिसते’ पर्यंतचं काढून त्याजागी असं लिहा: ‘सहाव्या सत्राचा परीक्षा अर्ज भरताना दोन अक्षरे उलटी टंकली गेली व तीच नोंद पुढे कायम राहिली. नियमानुसार लागणारे दुरुस्ती शुल्क भरण्यास मी तयार आहे.’ सरळ कबूल करा. अर्जाची प्रत विद्यापीठाकडे असतेच आणि ती पाहिली जाते. तुमचीच चूक असताना पत्रात विद्यापीठाला दोष दिलात आणि अर्ज उघडल्यावर ते उलट निघालं, की मग तुमच्या बाकीच्या विधानांवरही कोणी विश्वास ठेवत नाही. टंकलेखनाची चूक मान्य केली म्हणून दुरुस्ती नाकारली, असं मी पाहिलेलं नाही. पहिल्या पाच गुणपत्रिका तुमच्या बाजूने बोलतात.

मसुद्यातल्या काही गोष्टी का तशा लिहिल्यात ते सांगतो, म्हणजे तुम्ही गरजेप्रमाणे फेरफार केलात तरी त्या सुटणार नाहीत.

चुकीचं आणि योग्य आडनाव एकाखाली एक, मोठ्या अक्षरांत आणि स्वतंत्र ओळींवर हवं. वाक्याच्या ओघात ‘माझं आडनाव अमुक ऐवजी तमुक झालं आहे’ असं लिहिलं की कोणतं हवंय आणि कोणतं नकोय यात वाचणाऱ्याची गल्लत होते. तुमच्या दोन स्पेलिंगमध्ये सातही अक्षरं तीच आहेत, फक्त जागा बदलल्या आहेत. म्हणून कोणत्या स्थानावरची अक्षरं उलटी झाली हे शब्दांतही सांगितलंय. दुरुस्ती करणारा माणूस तुमच्या पत्राकडे बघूनच नवं नाव टंकणार आहे. संगणकावर पत्र लिहिताना शब्द आपोआप ‘सुधारणारी’ सोय बंद करा आणि छापल्यावर पुन्हा एकदा उलट्या क्रमाने वाचा. पत्र हातानेच लिहिणार असाल तर या दोन ओळी तरी सुट्या मोठ्या अक्षरांत काढा. जोडून लिहिलेले r आणि n एकमेकांसारखे दिसतात, h आणि k सुद्धा.

‘इतर सर्व तपशील बरोबर आहेत’ हे वाक्य तुमच्या बचावासाठी आहे. नवं प्रमाणपत्र निघतं तेव्हा ती सगळी ओळ पुन्हा टंकली जाण्याचा संभव असतो. एक अक्षर सुधारताना वडिलांच्या नावात नवी चूक शिरली, तर हे वाक्य कामाला येतं. पण ते लिहिण्याआधी बाकीचे तपशील खरंच तपासा. नावांचा क्रम, आईचं नाव, विषय, श्रेणी, परीक्षेचा महिना, सगळं. आणखी एखादी चूक सापडली तर ती याच पत्रात मांडा. एकामागून एक दोन अर्ज गेले की दुसरा अर्ज पहिल्याच्या फाइलला जोडला जातो आणि दोन्ही रेंगाळतात.

‘दुरुस्त मूळ पदवी प्रमाणपत्र’ हे शब्द जसेच्या तसे ठेवा. अनेकजण घाईत ‘दुसरी प्रत द्यावी’ असं लिहितात. दुसरी किंवा द्वितीय प्रत हरवलेल्या प्रमाणपत्राबद्दल मिळते. ती जुन्या नोंदीची नक्कल असते, म्हणजे त्यातही Karahde च येणार, वर ‘द्वितीय प्रत’ असा शिक्का आणि प्रमाणपत्र हरवल्याचा पुरावा मागतील तो वेगळाच. तुमचं काही हरवलेलं नाही.

नोंदीची दुरुस्ती पहिल्या क्रमांकावर आणि कागद दुसऱ्या क्रमांकावर ठेवलेत त्यालाही कारण आहे. नुसता कागद बदलून मिळाला आणि नोंद तशीच राहिली, तर पुढे एखाद्या कंपनीने किंवा परदेशी विद्यापीठाने पडताळणी मागितल्यावर उत्तर नोंदीवरून जातं. तेव्हा तुमच्या हातातलं योग्य प्रमाणपत्रच संशयास्पद ठरतं. चुकीच्या प्रमाणपत्राने जेवढा त्रास होतो त्याहून जास्त त्रास यात होतो, म्हणून यावर तडजोड करू नका.

जोडपत्रांवर चुकीच्या जागी पेन्सिलीने हलकं वर्तुळ करा, फक्त झेरॉक्सवर. मूळ प्रमाणपत्रावर पेन, पेन्सिल, खोडरबर काहीही लावू नका आणि ते लॅमिनेट करू नका. लॅमिनेट केलेल्या प्रमाणपत्रावर रद्दचा शिक्का मारता येत नाही, कागदातल्या सुरक्षाखुणाही नीट तपासता येत नाहीत. आधीच केलं असेल तर स्वतः सोलायला जाऊ नका, वरचा थर छपाई घेऊन निघतो. तसंच नेऊन दाखवा आणि पत्रात तसा उल्लेख करा.

ओळखपत्र म्हणून पासपोर्ट जोडणार असाल तर एक बारकावा लक्षात ठेवा. पासपोर्टच्या खालच्या बाजूला यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ स्थानांच्या. लांब नावं तिथे कापली जातात. स्पेलिंगचा पुरावा म्हणून वरच्या भागातलं छापील नाव धरायचं, खालच्या ओळी नव्हेत. मात्र पासपोर्ट हा इथे दुय्यम पुरावा आहे. विद्यापीठ स्वतःच्या पहिल्या पाच सत्रांच्या नोंदीला आणि शालान्त प्रमाणपत्राला मानतं.

पत्र प्राचार्यांमार्फत द्या. त्यांनी ‘अर्जदार आमच्या महाविद्यालयाची विद्यार्थिनी असून आमच्या अभिलेखात आडनाव KARHADE असे आहे, शिफारस करून सादर’ एवढं लिहून सही-शिक्का दिला, तर विद्यापीठाला महाविद्यालयाकडून वेगळा खुलासा मागवावा लागत नाही. त्या पत्रव्यवहारात जाणारा सगळा वेळ वाचतो. महाविद्यालय टाळाटाळ करत असेल तर ‘मार्फत’ ची ओळ काढून थेट द्या आणि एक प्रत महाविद्यालयाला पाठवा. काम होतं, फक्त लांबतं.

पत्र आवक-जावक विभागात द्या. तुमच्याकडच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. टेबलावर ओळखीच्या माणसाच्या हातात दिलेलं पत्र कार्यालयाच्या लेखी आलेलंच नसतं. पहिल्या दिवशी मूळ प्रमाणपत्र सोबत न्या, पण मागितल्याशिवाय जमा करू नका. पुष्कळ ठिकाणी मंजुरी झाल्यावरच ते मागवतात. जमा करायची वेळ आली की प्रमाणपत्राचा क्रमांक लिहिलेली पोचपावती घ्या आणि त्याआधी दोन्ही बाजूंचं स्वच्छ स्कॅन करून ठेवा. जुन्या प्रमाणपत्रावर रद्दचा शिक्का मारून ते कार्यालयात ठेवून घेतात, ते परत मिळत नाही.

ठरलेल्या मुदतीत उत्तर आलं नाही तर नवा अर्ज करू नका, स्मरणपत्र द्या. त्यात दोनच ओळी पुरतात: ‘माझा दिनांक अमुकचा अर्ज, आवक क्रमांक तमुक, याबाबत झालेल्या कार्यवाहीची माहिती मिळावी. मूळ अर्जाची प्रत सोबत जोडली आहे.’ नवा अर्ज केलात तर नवा आवक क्रमांक पडतो आणि फाइल पुन्हा पहिल्या टेबलापासून सुरू होते. तुमचा आधी परत आलेला अर्ज आहे, त्याचा उल्लेख नव्या पत्रात नको. त्यावर ‘नावबदल’ असं वर्गीकरण झालंय. तो संदर्भ दिलात की लिपिक ती जुनी फाइल काढेल आणि तोच शेरा पुन्हा मारेल.

पुढच्या प्रवेशासाठी किंवा नोकरीसाठी पदवी लगेच दाखवायची असेल, तर याच पत्रात चौथी विनंती घाला: ‘दुरुस्ती होईपर्यंत, KARAHDE व KARHADE या दोन्ही नोंदी माझ्याच असून दुरुस्ती प्रक्रियेत आहे, असे पत्र द्यावे.’ विद्यापीठाच्या शीर्षपत्रावर, सही-शिक्क्यासह आलेलं असं पत्र गुणपत्रिकांसोबत जोडून पाठवता येतं. काही जण त्याऐवजी दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र देतात. तात्पुरतं म्हणून ते चालूनही जातं. पण ते तुमचं म्हणणं असतं आणि विद्यापीठाचं पत्र ही विद्यापीठाची कबुली असते. समोरचा दुसऱ्यालाच जास्त मानतो. शिवाय प्रतिज्ञापत्रावर भागतंय म्हणून मूळ दुरुस्ती सोडून दिली, तर प्रत्येक नव्या ठिकाणी ते पुन्हा द्यावं लागतं.

नवं प्रमाणपत्र हातात आलं की खिडकीतच, सही करून ताब्यात घेण्याआधी वाचा. जुन्याचं स्कॅन मोबाइलवर उघडा आणि ओळ ओळ जुळवा: दोन्ही लिप्यांतलं नाव, वडिलांचं आणि आईचं नाव, विषय, श्रेणी, परीक्षेचा महिना-वर्ष, नोंदणी क्रमांक. प्रमाणपत्राचा क्रमांक नवा असू शकतो, तारीखही बदललेली असू शकते. ते विद्यापीठाच्या पद्धतीवर अवलंबून असतं आणि त्यात चूक काही नाही. काही विद्यापीठं नवीन प्रमाणपत्र न देता जुन्याच्याच मागे दुरुस्तीची नोंद करून सही-शिक्का देतात. तसं झालं तर मागची बाजूही स्कॅन करायची आणि कुठेही प्रत देताना दोन्ही बाजू द्यायच्या, नुसती पुढची बाजू गेली की चूकच पोचते. त्याच फेरीत दुरुस्त गुणपत्रिका मिळाली का ते विचारा. पदवी कक्ष आणि गुणपत्रिका कक्ष वेगवेगळे असतात, आणि पदवी सुधारून गुणपत्रिका जुनीच राहिली असं बरेचदा होतं. मग घरी आल्यावर विद्यापीठाच्या ऑनलाइन पडताळणीत स्वतःचा क्रमांक टाकून पाहा. तिथे अजून Karahde दिसत असेल तर मंजुरीचा आदेश क्रमांक देऊन संगणक विभागाला एक ओळीचं पत्र पाठवा. आदेश झालेला असतो, फक्त नोंदीपर्यंत पोचलेला नसतो.